‘थोडीशी’ म्हणजे नेमकी किती?

27 जानेवारी 2022 रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. त्यावरून गदारोळ झाला. निर्णयाच्या बाजूने दोन कारणं पुढे आली. एक, द्राक्ष आणि इतर फळं पिकवणाऱ्या शेतकऱ्याला भाव मिळेल. दुसरं, वाइन म्हणजे दारू नव्हे. खासदार संजय राऊत यांनीही तेव्हा हेच सांगितलं होतं. पुढे विरोध वाढला, लोकांची मतं मागवण्याची भाषा सुरू झाली, त्याच वर्षी सरकारही बदललं. पण ते वाक्य मात्र मागे राहिलं.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातही द्राक्षबागा आहेत. शेतकऱ्याला दोन पैसे मिळावेत याला माझा विरोध नाही. माझं भांडण त्या दुसऱ्या वाक्याशी आहे. आणि त्याच वाक्याचा जुळा भाऊ मला माझ्याच घरात भेटला, म्हणून हा लेख.

माझ्या चुलत बहिणीची पाळी चुकली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि पाळी आधीपासूनच मागेपुढे व्हायची, त्यामुळे कोणाच्या मनात दुसरं काही आलं नाही. पाच-सहा दिवस वाट पाहून खालांनी मेडिकलमधून अशोकारिष्टाची बाटली आणली. जेवणानंतर दोन वेळा चार-चार चमचे, पाणी घालून. तीन आठवडे झाले तरी पाळी आली नाही, तेव्हा कोणीतरी किट आणायला सांगितलं. दोन रेघा आल्या. घरात आनंदीआनंद झाला. मी सुटीवर आलो होतो. ओट्यावरची बाटली सहज हातात घेतली आणि मागचं बारीक अक्षरातलं लेबल वाचलं. त्यावर आपोआप तयार झालेल्या अल्कोहोलचं प्रमाण दिलेलं होतं. मी खालांना विचारलं, यात अल्कोहोल आहे हे माहीत होतं का? त्या म्हणाल्या, “दवा है रे, दारू थोडीच है.”

वाइन म्हणजे दारू नव्हे. दवा है, दारू थोडीच है. मुंबईतल्या मंत्रिमंडळाचं आणि आमच्या मोहल्ल्यातल्या स्वयंपाकघराचं या एका मुद्द्यावर पूर्ण एकमत आहे. दोघंही बाटलीचं नाव पाहतात. आत काय आहे ते पाहत नाहीत.

आत आहे इथेनॉल. व्हिस्कीत तेच, बिअरमध्ये तेच, वाइनमध्ये तेच, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून पेट्रोलमध्ये मिसळायला जातं तेही तेच. आसव-अरिष्ट बनवताना औषधी काढ्यात गूळ आणि धायटीची फुलं घालून ते काही आठवडे आंबवतात. गुळातल्या साखरेचं अल्कोहोल होतं आणि त्यामुळेच औषध टिकतं. अशा औषधांत साधारण 5 ते 12 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असू शकतं. यात लबाडी नाही, ती औषध करण्याची जुनी पद्धतच आहे. पण ते अल्कोहोलच आहे.

हिशेब सोपा आहे. बाटलीतले मिलिलिटर गुणिले अल्कोहोलचा टक्का, आणि इथेनॉल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे गुणिले 0.79. एक पेग, म्हणजे 42.8 टक्क्यांची 30 मिलिलिटर व्हिस्की: साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल. 13 टक्क्यांच्या वाइनचा 150 मिलिलिटरचा एक ग्लास: 15 ग्रॅम. म्हणजे जी ‘दारू नव्हे’ तिचा एक ग्लास दीड पेगाएवढा. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलिलिटरची बाटली: 41 ग्रॅम, चार पेग. आणि बहिणीचं औषध: चार चमचे म्हणजे 20 मिलिलिटर, दिवसातून दोनदा म्हणजे 40. टक्का 8 धरला तर रोज अडीच ग्रॅम. तीन आठवड्यांत 53 ग्रॅम, म्हणजे पाच पेगांच्या वर. थेंब थेंब करून, पण पाच पेग, अशा मुलीच्या पोटात जिने आयुष्यात दारूचा वास घेतला नाही.

मग बाळाला काही झालं का? हे मला कोणी सांगू शकलं नाही, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे. एका डॉक्टरांनी सांगितलं, “एवढ्याने काही होत नसतं, पण बंद करा.” एवढ्याने काही होत नसेल तर बंद कशाला? आणि बंद करायचं असेल तर काही होत नाही हे कशावरून? डॉक्टरांना दोष देत नाही. त्या एका वाक्यात आजचं वैद्यकीय ज्ञान जसं आहे तसंच आलं होतं: थोड्या प्रमाणाने नुकसान होतंच असं सिद्ध झालेलं नाही, आणि कुठलंही प्रमाण सुरक्षित आहे असंही सिद्ध झालेलं नाही. आपली माणसं यातलं पहिलं अर्धं ऐकतात आणि उठून जातात.

सुरक्षित प्रमाण का ठरत नाही, हे समजून घ्यायला रस्त्यावरचा आकडा पाहू. मोटार वाहन कायद्यात चालकाच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. तो आकडा ठरवता आला, कारण तिथे सगळं मोजता येतं. माणसाला मोजून दारू द्या, अर्ध्या तासाने रक्त तपासा, ब्रेक मारायला किती उशीर होतो ते घड्याळ लावून बघा. हेच शंभर जणांवर करा. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कुठलीही मर्यादा ठरवायची तर तीन गोष्टी लागतात: आत काय गेलं ते मोजता यावं, बाहेर काय आलं ते मोजता यावं, आणि चाचणी पुन्हा पुन्हा करता यावी. गर्भाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी हातात नाहीत.

आत काय गेलं ते मोजता येत नाही. गरोदर बायकांना मोजून दारू पाजण्याचा प्रयोग कोणी करू शकत नाही आणि करूही नये. म्हणून संशोधक बाईला विचारतात, आठवड्यात किती घेता? ती आठवून सांगते, थोडं कमीच सांगते, आणि तिचा ‘एक ग्लास’ किती मोठा ते कोणालाच माहीत नसतं. शिवाय आईने घेतलेलं आणि बाळाला मिळालेलं हे एकच माप नाही. अल्कोहोल वारेतून सरळ पलीकडे जातं आणि थोड्याच वेळात बाळाच्या रक्तातलं प्रमाण आईच्या जवळपास पोहोचतं. आईचं यकृत ते तासाला सात-आठ ग्रॅमच्या वेगाने मोडत असतं. बाळाच्या यकृतात ते मोडणारी विकरं अजून नीट तयारच नसतात, त्यामुळे त्याची सुटका आईच्या यकृतावर अवलंबून असते. दरम्यान ते गर्भजलात साठतं आणि बाळ तेच पाणी पुन्हा गिळतं.

बाहेर काय आलं तेही लगेच दिसत नाही. 1968 मध्ये फ्रान्समधल्या नांत शहरातले डॉक्टर पॉल लमवान यांनी दारू पिणाऱ्या आयांच्या 127 मुलांचं वर्णन छापलं. 1973 मध्ये सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी या आजाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिलं. त्या मुलांचे चेहरे ओळखू येत होते: डोळ्यांच्या फटी आखूड, वरचा ओठ पातळ, नाक आणि ओठ यांच्यामधली खाच सपाट. पण ते भरपूर पिणाऱ्या आयांचं टोक होतं. दारूचा परिणाम झालेल्या बहुतेक मुलांचा चेहरा अगदी इतर मुलांसारखा असतो. फरक दिसतो तो शाळेत: लक्ष टिकत नाही, काल पाठ केलेला पाढा आज आठवत नाही, गणित अडतं, राग आवरत नाही. त्या मुलाला आपण ‘ढ’ म्हणतो किंवा मस्तीखोर म्हणतो. आठ वर्षांपूर्वी काय घेतलं होतं, हे कोणी आईला विचारत नाही. आणि अशा मुलांच्या अडचणीला इतरही शंभर कारणं असतात, म्हणून एकट्या मुलाकडे बघून दारूवर बोट ठेवता येत नाही.

तिसरी अडचण सगळ्यात फसवी आहे. ब्रिटनमध्ये 2000 ते 2002 या काळात जन्मलेल्या हजारो मुलांचा मागोवा घेतला गेला. गरोदरपणात आठवड्याला एक-दोन युनिट, म्हणजे 8 ते 16 ग्रॅम, घेणाऱ्या आयांची मुलं पाच वर्षांची झाली तेव्हा न पिणाऱ्या आयांच्या मुलांपेक्षा मागे नव्हती. काही चाचण्यांत तर किंचित पुढेच होती. जगभर मथळे झळकले: थोडी वाइन चालते! मथळ्याखालची गोष्ट मात्र वेगळी होती. त्या देशात अधूनमधून एखादा ग्लास घेणारी बाई सरासरीने जास्त शिकलेली आणि जास्त कमावती असते. तिच्या घरात पुस्तकं आहेत, मुलाला वेळ आहे, चांगली शाळा आहे. मूल पुढे आहे ते याच्यामुळे. वाइनने थोडं मागे ओढलं असेल तरी घरच्या सुबत्तेने ते झाकलं जातं. संशोधकांनी गणिताने हा फरक वजा करण्याचा प्रयत्न केला, पण सुबत्ता पूर्णपणे वजा करणं जमत नाही.

मग सुबत्तेला चकवा देता येईल का? 2012 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी तसं करून पाहिलं. ब्रिस्टल शहराच्या परिसरात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या 4,167 मुलांची त्यांनी आठव्या वर्षी बुद्धिमत्ता चाचणी पाहिली आणि त्यांची जनुकंही तपासली. अल्कोहोल शरीरात कसं मोडलं जातं ते ठरवणाऱ्या जनुकांची वेगवेगळी रूपं असतात. कोणत्या मुलाला कोणतं रूप येईल हे पत्ते पिसल्यासारखं ठरतं. आईचा पगार किंवा डिग्री बघून जनुकं वाटली जात नाहीत. त्यांना असं आढळलं की आठवड्याला एक ते सहा युनिट घेणाऱ्या आयांच्या मुलांत, अशा प्रत्येक जोखमीच्या रूपामागे बुद्ध्यांक सरासरी 1.8 गुणांनी कमी होता. आणि गरोदरपणात अजिबात न घेणाऱ्या आयांच्या मुलांत याच रूपांचा काहीच परिणाम नव्हता.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. दोष जनुकांचा असता तर तो दोन्ही गटांत दिसला असता. तो दिसला फक्त तिथे, जिथे आईने ‘थोडीशी’ घेतली होती. एका अभ्यासाने सगळं सिद्ध होत नाही, आणि दोन गुणांचा फरक एका मुलात ओळखूही येणार नाही. पण यातून दोन गोष्टी हाताला लागतात. एक, थोडीशीसुद्धा निरुपद्रवी असेलच असं नाही. दुसरी, एकच प्रमाण दोन बाळांना सारखं लागत नाही. कोणाच्या पोटातल्या बाळाकडे कोणती जनुकं आहेत हे आईला माहीत नसतं, आमदाराला नसतं, वाइनच्या कंपनीला नसतं. उद्या समजा सरासरी बाळासाठी एखादा आकडा सापडला, तरी तुमच्या घरातलं बाळ सरासरी आहे हे कोण सांगणार?

त्यात वेळेचा प्रश्न आहे. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर साधारण पाचव्या ते दहाव्या आठवड्यात बाळाचं हृदय, चेहरा, हातपाय घडतात. मेंदूचं बांधकाम तर पूर्ण नऊ महिने चालू असतं. माझ्या बहिणीचे बाटलीचे तीन आठवडे बरोबर पाचव्या आठवड्यापासून सुरू झाले. ‘गरोदर बायकांनी घेऊ नये’ हा सल्ला तिच्या काही कामाचा नव्हता, कारण आपण गरोदर आहोत हे तिला माहीतच नव्हतं. उलट, गरोदर असल्यामुळेच पाळी चुकली, आणि पाळी चुकली म्हणून बाटली आली. आपल्या भागात हे घराघरात घडतं.

ब्रिटनच्या सरकारी डॉक्टरांनी हे सगळं पाहून 2016 मध्ये आपला जुना सल्ला बदलला. आधी ते म्हणत होते, शक्यतो टाळा, घ्यायचीच तर आठवड्यातून एकदा-दोनदा एक-दोन युनिट. आता म्हणतात, अजिबात नको. नवा भयानक पुरावा सापडला म्हणून नव्हे. सुरक्षित रेषा दाखवता येत नाही, आणि दाखवता येत नसलेली रेषा आखून देणं अप्रामाणिक आहे, म्हणून.

आता आपल्या देशाकडे या. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनुसार दारूच्या प्रत्येक बाटलीवर इशारा छापावा लागतो. त्याचा आशय असा: मद्यसेवन आरोग्याला घातक आहे, सुरक्षित राहा, पिऊन गाडी चालवू नका. गर्भवतीचा एका शब्दानेही उल्लेख नाही. अमेरिकेत 1989 पासून बाटलीवर गर्भवतींसाठी इशारा आहे. फ्रान्समध्ये, जिथे वाइन जेवणाचा भाग आहे, 2007 पासून आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 2023 पासून तो सक्तीचा झाला. आपल्याकडे गाडीच्या चालकाची काळजी घेतली, पोटातल्या प्रवाशाची नाही. शेतकऱ्याचं भलं म्हणून वाइन किराणा मालाशेजारी आणायला निघालेल्यांनी त्या बाटलीवर हे एक वाक्य मराठीत छापायची अट का घातली नाही? तिथे तर खरेदीला बायकाच येणार होत्या.

सरकारला सुनावणं सोपं आहे. आता आपल्याकडे बघू. मी हा लेख हराम-हलालच्या आधारावर लिहिलेला नाही, आणि ते मुद्दाम. मुसलमान माणूस दारूविरुद्ध बोलला की समोरचा म्हणतो, तुमच्या धर्मात नाही म्हणून बोलता. म्हणून मी ग्रॅम मोजले. पण आपल्या माणसांचा गैरसमज याहून मोठा आहे. आपल्याला वाटतं, हराम म्हटलं की विषय संपला. उपकेंद्रात नर्सबाई गरोदर बाईची नोंद करते, तेव्हा व्यसनाच्या प्रश्नावर बुरखा पाहून स्वतःच ‘नाही’ लिहून टाकते, “तुमच्यात नाही ना चालत.” आणि आपण अभिमानाने मान हलवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 0.4 टक्के बायकांनी आपण दारू घेतो असं सांगितलं, पुरुषांत हे प्रमाण 13.9 टक्के होतं. बायकांचा आकडा लहान आहे. पण दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला कुठली बाई खरं सांगेल? आणि अरिष्टाची बाटली तर या आकड्यात येतच नाही, कारण ती घेणारी बाई शपथेवर सांगेल की मी कधी दारूला शिवले नाही. ती खोटं बोलत नसेल.

म्हणून मागण्या साध्या आहेत. दारूच्या प्रत्येक बाटलीवर, वाइनसकट, गर्भवतींसाठीचा इशारा मराठीत हवा. ‘प्रमाणात घ्या’ असा नको, ‘घेऊ नका’ असा. आसव-अरिष्टाच्या बाटलीवर अल्कोहोलचा टक्का मागे बारीक अक्षरात नको, पुढे मोठ्या अक्षरात हवा, आणि सोबत एक ओळ: पाळी चुकली असेल तर आधी गर्भाची तपासणी करा. हा आयुर्वेदाला विरोध नाही. चांगला वैद्य स्वतःच हा प्रश्न आधी विचारतो. घाई करतात ते आपण, खाला आणि मेडिकलवाला. आणि नर्सबाईने हा प्रश्न प्रत्येक बाईला विचारावा, नाव आणि कपडे न बघता: दारू, ताडी, आणि बाटलीतलं कुठलंही औषध.

हा लेख वाचून कुणा बाईच्या पोटात गोळा आला असेल, तर तिच्यासाठी. नकळत थोडं गेलं असेल, तर आजपासून बंद करा आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांना स्पष्ट सांगा. एवढ्यावरून गर्भ पाडण्याचा विचार करायचं कारण नाही. मेंदू अजून घडतो आहे, त्यामुळे आज थांबण्याचा फायदा उद्याच्या बाळाला होतोच. मात्र एखादी बाई रोज भरपूर पीत असेल, तर तिला घरात कोंडून एकदम बंद करू नका. थरथर सुटते, झटके येऊ शकतात, आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. तिला दवाखान्यात न्या, आणि तिथे नेताना शिव्या घरी ठेवून जा.

माझ्या भाचीचा जन्म झाला. वजन चांगलं आहे, चेहरा आजीवर गेला आहे. ती पहिलीत जाईपर्यंत याहून जास्त काही कळणार नाही, आणि तेव्हा एखादा पाढा अडलाच, तरी तो बाटलीमुळे की सगळ्याच मुलांचा अडतो तसा, हेही कळणार नाही. बहुधा काहीच झालेलं नसेल. पण ‘बहुधा’ हा शब्द आयुष्यभर तिच्या आईच्या वाट्याला आला, तो एका न वाचलेल्या ओळीमुळे. खालांनी ती बाटली अजून टाकलेली नाही. तिच्यावर कागद चिकटवून मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे: “पहले टेस्ट, बाद में दवा.”